रिसॉर्टला फॉइलचा दर लावू नका

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत औषधांच्या गोळ्यांसाठी ॲल्युमिनियम फॉइल बनवणारी एक कंपनी आहे असं धरू. शेअर बाजारात नोंदलेली, कर्ज थोडं, गिऱ्हाइकं ठरलेली. मंदी आली म्हणून कोणी रक्तदाबाची गोळी सोडत नाही, त्यामुळे धंदाही संथ आणि भरवशाचा. आता संचालकांच्या मनात आलंय की गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरजवळ, जिथे मुंबई-पुण्याची मंडळी शनिवार-रविवार काढायला येतात, तिथे ६० कोटींचं रिसॉर्ट उभं करावं. रिसॉर्ट कसं चालेल याचा अंदाज घेतला आणि सोयीसाठी तो सरासरीत बसवला: कर, दुरुस्ती, नूतनीकरण वजा जाता दरसाल ९ कोटी, १५ वर्षं.

प्रश्न एवढाच की हे ९ कोटी आजच्या पैशांत आणताना कोणता दर लावायचा. बहुतेक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कंपनीचाच दर लावलेला असतो, कारण तो तयार असतो. इथे तोच दर लावला तर रिसॉर्ट फायद्याचं दिसतं आणि योग्य दर लावला तर तोट्याचं. दोन्ही आकडे खाली काढून दाखवले आहेत.

कंपनीचा दर कुठून आला

कॅपिटल ॲसेट प्रायसिंग मॉडेल, म्हणजे कॅपएम, सांगतं की भागधारकाला किमान किती परतावा मिळायला हवा ते तीन गोष्टींवर ठरतं. सरकारी रोख्यावर निवांत बसून मिळणारा दर, शेअर बाजारात उतरल्याबद्दल त्याच्यावर मिळणारा जादा प्रीमियम, आणि आपला शेअर बाजारासोबत किती हलतो ते सांगणारा बीटा.

```
Ke = Rf + beta × ERP
```

`Rf` साठी भारत सरकारच्या १० वर्षांच्या रोख्याचं त्या दिवसाचं यील्ड घ्यायचं. आपण ७ टक्के धरू. `ERP` म्हणजे बाजाराचा प्रीमियम, तो ६.५ टक्के धरू. फॉइल कंपनीचा बीटा ०.७० आहे. म्हणजे बाजार १० टक्के हलला तर हा शेअर सरासरी ७ टक्के हलतो. इक्विटीचा खर्च ७ + ०.७ × ६.५ = ११.५५ टक्के.

कंपनीवर दर ५ रुपयांच्या इक्विटीमागे १ रुपया कर्ज आहे. व्याज ८.८ टक्के, आणि २५ टक्के कर वाचल्यावर खरा भार ६.६ टक्के. (कंपनी कराचा सवलतीचा दर अधिभार आणि सेस धरून २५.१७ टक्के होतो. हिशोब डोळ्यांना सोपा पडावा म्हणून २५ घेतलाय.) ५:१ वजनाने दोन्हींची सरासरी १०.७ टक्के. हा झाला कंपनीचा भांडवली खर्च. फॉइलच्या नव्या मशीनसाठी तो अगदी बरोबर आहे.

पण ०.७० हा बीटा फॉइलच्या धंद्यातून आला आहे. गुंतवणूकदारांनी वर्षानुवर्षं औषध कंपन्यांच्या ऑर्डरी बघून तो शेअर विकला-घेतला, आणि त्यातून हा आकडा निघाला. रिसॉर्टची खोली भरते की नाही याचा त्यात मागमूस नाही. पैसा कुणाच्या खिशातून आला यावर जोखीम ठरत नाही, तो कशात घातला यावर ठरते.

बीटा उसना आणायचा

रिसॉर्टचा स्वतःचा शेअर बाजारात नाही, म्हणून त्याच धंद्यातल्या नोंदलेल्या कंपन्यांकडून बीटा उसना घ्यायचा. हॉटेल धंद्यातली यादी छोटी असली तरी पुरेशी आहे: इंडियन हॉटेल्स, ईआयएच, शॅले हॉटेल्स, लेमन ट्री आणि काही लहान नावं.

नाशिककराच्या डोक्यात इथे पहिलं नाव येईल सुला विनयार्ड्सचं. द्राक्षबागेतला मुक्काम, वाइन टेस्टिंग, अगदी आपल्यासारखंच. पण सुलाचं बहुतांश उत्पन्न वाइन विक्रीचं आहे आणि पर्यटनाचा वाटा लहान. त्या शेअरचा बीटा मुख्यतः दारूच्या धंद्याचा, उत्पादन शुल्काच्या धोरणाचा. शेजार जुळतो, धंदा जुळत नाही. याच कारणाने आयटीसीचा जुना बीटा हॉटेलसाठी कधीच कामाचा नव्हता, कारण त्यात सिगारेट आणि आटा-बिस्किटं होती. जानेवारी २०२५ मध्ये आयटीसी हॉटेल्स वेगळी नोंदली गेली, तेव्हापासून तिचा स्वतःचा इतिहास जमायला लागला.

प्रत्येक कंपनीचे मागच्या ६० महिन्यांचे मासिक परतावे घ्या. शेअरची किंमत लाभांश, बोनस आणि स्प्लिट धरून जुळवलेली हवी, आणि समोर निफ्टी ५०० चा टोटल रिटर्न निर्देशांक. दोन रकाने तयार झाले की एक्सेलमध्ये एवढंच:

```
=SLOPE(B2:B61, C2:C61)
```

`B` मध्ये शेअर, `C` मध्ये निर्देशांक. उलटे टाकले तरी एक आकडा येतोच, आणि तो बरोबर वाटण्याइतपत असतो. म्हणून ही चूक पकडली जात नाही. एकदा खात्री करून घ्या.

आकडा आला तरी हुरळून जायचं नाही. ६० महिन्यांतून निघालेल्या एका शेअरच्या बीटाची प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज किती इकडे-तिकडे होऊ शकतो त्याचं माप, ०.२५ असणं मुळीच नवलाचं नाही. म्हणजे १.४५ आला तर खरा बीटा साधारण ०.९५ ते १.९५ यात कुठेही असू शकतो. एका कंपनीवर विसंबणं म्हणजे एका दाण्यावरून भात शिजलाय म्हणण्यासारखं आहे. ती म्हण भाताला लागू पडते, बीटाला नाही. चार-पाच कंपन्या घेतल्या की एकीची चूक दुसरीच्या चुकीने बरीचशी खोडली जाते.

दोन सापळे मात्र सरासरीनेही जात नाहीत. पहिला, लहान कंपनीचा शेअर ज्यात दिवसचे दिवस व्यवहारच होत नाहीत. बाजार आज हलला, शेअरची किंमत चार दिवसांनी हलली, मग गणित म्हणतं की यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, आणि बीटा ०.४ येतो. ओळखायचं कसं? त्याच शेअरचा बीटा आधी दैनंदिन, मग साप्ताहिक, मग मासिक परताव्यांवर काढा. आकडा पायरी-पायरीने वर चढत गेला तर दैनंदिन आकडा खोटा होता. मासिक वापरा, आणि मासिक व्यवहारसुद्धा तुटक असतील तर ती कंपनी सोडून द्या. दुसरा सापळा मार्च २०२०. तो महिना तुमच्या ६० महिन्यांत येत असेल तर हॉटेलांचा बीटा त्या एकाच महिन्यामुळे ओढला जातो. तो महिना वगळून पुन्हा काढा आणि फरक लिहून ठेवा. वगळायचाच असा नियम नाही. हॉटेल बंद पडणं ही या धंद्यातली खरी जोखीम आहे, फक्त ती दर ६० महिन्यांनी येत नाही.

कर्जाचा रंग आधी धुवायचा

बाजारात दिसणाऱ्या बीटात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: धंद्याची जोखीम आणि त्यावर चढवलेली कर्जाची जोखीम. व्याज ठरलेलं असतं, त्यामुळे नफ्यातली चढउतार सगळी भागधारकाच्या वाट्याला येते. जितकं कर्ज जास्त, तितका बीटा फुगतो. आपल्याला धंद्याची जोखीम हवी आहे, त्यांच्या कर्जाची नको. रॉबर्ट हमाडा यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे सूत्र त्यासाठी वापरतात:

```
beta_u = beta_e / (1 + (1 - t) × D/E)
```

`beta_e` हा बाजारात दिसणारा बीटा, `beta_u` कर्ज धुतलेला, `t` कराचा दर. `D` मध्ये कर्ज वजा रोख, `E` मध्ये शेअरचं बाजारमूल्य. ताळेबंदातली पुस्तकी इक्विटी इथे घालू नका. जुन्या हॉटेल कंपनीची जमीन पुस्तकात कवडीमोलाने असते, त्यामुळे कर्जाचं प्रमाण अवाच्या सवा दिसतं आणि धुतलेला बीटा हवा त्याहून खाली जातो.

खालचे आकडे गणित दाखवण्यासाठी घेतलेले आहेत, ते कुठल्याही खऱ्या कंपनीचे नाहीत.

| कंपनी | दिसणारा बीटा | कर्ज/इक्विटी | धुतलेला बीटा |
|---|---|---|---|
| अ | १.३० | ०.१५ | १.१७ |
| ब | १.४५ | ०.६० | १.०० |
| क | १.२० | ०.१० | १.१२ |
| ड | १.७० | ०.८० | १.०६ |

ड कंपनी १.७० मुळे सगळ्यांत घातक दिसत होती. कर्ज धुतल्यावर ती अ पेक्षाही सौम्य निघाली. चारही आकडे १.०० ते १.१७ मध्ये एकवटले, हीच आपण बरोबर गोतावळा निवडल्याची खूण. धुतल्यावरही ते ०.५ ते १.६ असे पसरलेले राहिले असते तर त्यात कुणीतरी दुसऱ्याच धंद्याचा घुसलाय असं समजायचं. मध्यक १.०९.

फॉइलचा बीटा तसाच धुतला तर ०.७० ÷ १.१५ = ०.६१. हॉटेलची जोखीम पावणेदोनपट. कारण सरळ आहे: खोल्या ८० टक्के भरल्या काय आणि ३५ टक्के भरल्या काय, पगार, वीज, बाग, लिफ्टची देखभाल जवळपास तेवढीच. शिवाय हात आखडला की लोक आधी सुट्टी रद्द करतात.

आपल्या कर्जाचा रंग पुन्हा चढवायचा

आता धुतलेल्या बीटावर आपल्या प्रकल्पाचं कर्ज चढवायचं. इथेच सगळ्यांत जास्त गफलत होते. बँक म्हणते, ६० कोटींपैकी ४२ कोटी टर्म लोन देतो. लगेच रिपोर्टमध्ये कर्ज ७० टक्के. पण बँकेने ४२ कोटी रिसॉर्टच्या भरवशावर दिलेले नाहीत, फॉइल कंपनीच्या हमीपत्रावर दिलेत. रिसॉर्ट अडकलं तर हप्ता फॉइलच्या नफ्यातून जाईल, आणि फॉइलसाठी उद्या कर्ज काढायची ऐपत तेवढी कमी होईल. म्हणून प्रश्न असा विचारायचा: हमी नसती तर या रिसॉर्टने दीर्घकाळ किती कर्ज पेललं असतं? तुलनेतल्या कंपन्या ०.१० ते ०.८० मध्ये आहेत. ०.५०, म्हणजे २ रुपये इक्विटीला १ रुपया कर्ज, हे समंजस.

```
beta_e = 1.09 × (1 + 0.75 × 0.50) = 1.50
Ke     = 7 + 1.50 × 6.5 = 16.75
```

इक्विटीचा खर्च १६.७५ टक्के, कंपनीच्या ११.५५ च्या तुलनेत पाच टक्क्यांहून जास्त. अशा स्वतंत्र कर्जाला व्याज ९.५ टक्के धरलं तर कर जाऊन ७.१२५. दोन-तृतीयांश आणि एक-तृतीयांश वजनाने भांडवली खर्च १३.५ टक्के.

(बँकेचे ७० टक्के घातले असते तर बीटा ३.०० आणि इक्विटीचा खर्च २६.५ टक्के. आकडा भयंकर, पण सरासरी काढल्यावर दर १२.९, म्हणजे आपल्या दरापेक्षा कमीच. एवढं कर्ज असून व्याज ९.५ वरच राहील असं गृहीत धरल्यामुळे असं झालं. इतक्या कर्जात सावकारही जोखमीचा वाटेकरी होतो आणि हे सूत्र तिथे तुटतं.)

आता निकाल. वर्षाला ९ कोटी, १५ वर्षं. १०.७ टक्क्यांनी आजची किंमत ६५.८ कोटी, म्हणजे ६० कोटी घालून ५.८ कोटींचा फायदा. १३.५ टक्क्यांनी तीच ५६.७ कोटी, म्हणजे ३.३ कोटींचा तोटा. रिसॉर्ट तेच, खोल्या त्याच, फक्त दर बदलला.

फॉइलवाला दर सगळीकडे लावत राहिलं की हळूहळू वेगळंच होतं. जोखमीचे प्रकल्प स्वस्त दरात पास होतात. उलट कारखान्याच्या छतावरचं सोलर, ज्याची बचत जवळपास ठरलेली, ते कंपनीच्या दरात नापास होतं. दोन्ही चुका एकाच दिशेला ढकलतात. भागधारकही आंधळे नसतात. कंपनीचा धंदा ४०० कोटींचा असेल आणि त्यात ६० कोटींचं रिसॉर्ट आलं, तर धुतलेला बीटा ०.६१ वरून सुमारे ०.६७ होतो, आणि बाजार तो पुढच्या काही वर्षांत शेअरच्या हालचालीत दाखवतोच.

दरात काय घालायचं नाही

"नवा धंदा आहे, अनुभव नाही, अजून ३ टक्के घाला" हे वाक्य प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. घालू नका. बीटा फक्त बाजारासोबत हलणारी जोखीम मोजतो. बांधकाम सहा महिने रेंगाळणं, बारचा परवाना अडकणं, रस्ता पावसात खचणं, या गोष्टी निफ्टीशी जुळून हलत नाहीत, आणि ज्याच्याकडे पन्नास शेअर आहेत त्याच्यासाठी त्या एकमेकींत विरून जातात. त्यांची जागा रोख प्रवाहात. परवाना वर्षभर उशिरा मिळण्याची शक्यता ३० टक्के वाटत असेल तर त्या वर्षाचं बारचं उत्पन्न ३० टक्क्यांनी कमी धरा. ३ टक्के दरात घातले तर पंधराव्या वर्षाचे पैसेही कापले जातात, जिथे परवान्याचा काहीच प्रश्न उरलेला नसतो.

नाशिकमध्ये याचा उलटा नमुनाही बघायला मिळतो: सिंहस्थ. २०१५ नंतरचा कुंभमेळा २०२६-२७ चा. त्या काळात खोल्या कुठल्याही भावात जातील. म्हणून रिपोर्टमध्ये ते वर्ष पायाभूत धरून पुढे ५ टक्के वाढ लावली जाते, आणि "कुंभामुळे जोखीम कमी" म्हणून दरही उतरवला जातो. दोन्ही चुकीचं. कुंभ बारा वर्षांनी येतो, त्याचा पैसा त्याच वर्षात दाखवा. रामकुंडावरच्या गर्दीचा आणि रिसॉर्टच्या बीटाचा काही संबंध नाही.

तसंच रुपयांच्या प्रवाहाला रुपयांचाच दर. भारतीय रोख्याचं यील्ड घेऊन त्यावर अमेरिकी बाजाराचा प्रीमियम चिकटवला, किंवा भारतीय प्रीमियम घेऊन त्यावर पुन्हा देशाच्या जोखमीचा वेगळा आकडा चढवला, तर पहिल्यात जोखीम कमी मोजली जाते आणि दुसऱ्यात तीच दोनदा.

निकाल किती भक्कम आहे

हा सगळा खटाटोप १.०९ या एका आकड्यावर उभा आहे, म्हणून उलटा प्रश्न विचारून बघायचा: रिसॉर्ट जेमतेम बरोबरीत यायला धुतलेला बीटा किती हवा?

६० कोटी आणि वर्षाला ९ कोटी, यावर प्रकल्पाचा अंतर्गत परतावा, म्हणजे ज्या दराला फायदा-तोटा शून्य होतो तो दर, १२.४ टक्के आहे. भांडवली खर्च तेवढा असायला इक्विटीचा खर्च साधारण १५.०४ टक्के लागेल. मागे चालत गेलं तर चढवलेला बीटा १.२४, आणि धुतलेला ०.९०. आपल्या तुलनेत सगळ्यांत कमी आकडा ब चा, १.००. चारपैकी एकही कंपनी ०.९० पर्यंत उतरत नाही. त्यामुळे मध्यक घेतला की सरासरी, ड ठेवली की काढली, निकाल बदलत नाही. बीटावर वाद घालण्यात वेळ दवडायला नको.

प्रीमियमचं मात्र तसं नाही. ६.५ च्या जागी ५.५ घेतला तर भांडवली खर्च १२.५ टक्के होतो, म्हणजे रिसॉर्ट तोट्यात, पण अगदी काठावर. ५.३ वर आणलं की फायद्यात. भारतासाठी कोणता प्रीमियम योग्य यावर जाणकारांत एक-दोन टक्क्यांचं अंतर असतंच, आणि प्रकल्प करायचाच असं ठरवलेल्या माणसाला ५.३ चं समर्थन शोधणं कठीण नाही. त्यामुळे प्रीमियम प्रकल्पागणिक ठरवायचा नसतो. तो संचालक मंडळाने वर्षातून एकदा ठरवून इतिवृत्तात लिहायचा, आणि फॉइलच्या मशीनला, सोलरला, रिसॉर्टला तोच वापरायचा. कुणी रिसॉर्टच्या फाइलमध्ये ५.३ आणला तर त्याच आकड्याने फॉइलचा दरही पुन्हा काढून दाखवायला सांगायचा: ७ + ०.७ × ५.३ = १०.७१ टक्के इक्विटी. म्हणजे मागच्या वर्षी नापास केलेली मशीनची फाइलसुद्धा पुन्हा उघडावी लागेल.